तीनशे बारा प्रेक्षक

आमच्या नांदेडात नाटकाचं तिकीट केवढ्याला आहे, असं सहसा कुणी विचारत नाही. "पास हाय का?" असं विचारतात. विचारणाऱ्याला त्यात काही मागितल्यासारखं वाटत नाही. उलट आपण नाटकाला यायला तयार आहोत, हा आपलाच उपकार, असा त्याचा चेहरा असतो. आणि "नाही" म्हणायला लागतं ते धैर्य माझ्यात कधीच नव्हतं.

मी एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. बारा वर्षं झाली, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्याचे पैसे, तेही सरकारच्या सवडीने, आणि दर वर्षी जूनमध्ये प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसून पुन्हा नेमणूक मिळवायची. वर्गात मी 'ना नफा ना तोटा' हा धडा अगदी हौसेने शिकवते. ठरलेला खर्च किती, एका नगामागे सुटतात किती, भाग द्या, आला आकडा. मुलं त्याला ब्रेक-इव्हन म्हणतात. इतका सोपा धडा अख्ख्या पुस्तकात दुसरा नाही, असं मी त्यांना सांगत असे. अजूनही सांगते, पण आता सांगताना फळ्याकडे तोंड करते.

आमची नाटकवेडी मंडळी सात जणांची. एक दिग्दर्शक, पाच नट-नट्या आणि हिशेब बघणारी मी. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे सगळे. त्यात मुख्य भूमिका करायचे ते आमचे मास्टर. मास्टर म्हणजे नाट्यक्षेत्रातले नव्हेत, शिलाईचे. जुन्या नांदेडात त्यांचं टेलरिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. माणूस अस्सल नट आणि तितकाच भाव खाणारा. बॅनरवर स्वतःचा फोटो इतरांपेक्षा दोन बोटं मोठा आहे की नाही, ते ते शिवणकामाच्या टेपने मोजून बघत.

दोन अंकी नाटक बसवायचं ठरलं तेव्हा मी अंदाजपत्रक मांडलं. आधीच्या नाटकात दिग्दर्शकाने नेपथ्य आणि हॉल एवढंच धरलं होतं आणि महिनाभराच्या चहाने आमची पार वाट लावली होती. "चहा कुठं खर्चात धरतेत का?" असं त्याचं म्हणणं. मी धरला. तालमीसाठी एका शाळेची वरची खोली, रोजचे तीनशे. चहा-पोह्यांचे दीडशे. आमच्या दोन नट्यांना रात्री घरी सोडायला रिक्षाचे शंभर. तीस दिवसांच्या तालमीचे झाले साडेसोळा हजार. नेपथ्याला पंधरा, कपडेपट सहा, पार्श्वसंगीताच्या रेकॉर्डिंगला साडेचार. लेखकाचं मानधन चार आणि संहितेचं प्रमाणपत्र, परवानग्या, फोटो, असं किरकोळ मिळून साडेचार. बेरीज साडेपन्नास आली. तेव्हा मास्टर म्हणाले, कपडेपटाची शिलाई मी घेत नाही, आणि दीड हजार खाली आले. एकोणपन्नास हजार. सात जणांनी सात-सात हजार घातले. आकडा इतका बरोबर बसला की मला तो शुभशकुनच वाटला.

मास्टरांनी पैसे देताना मला बाजूला घेतलं.

"मॅडम, हे पैसे मी ओव्हरलॉक मशीनसाठी ठेवले होते," ते म्हणाले. "जुनी मशीन धागा तोडायली. लग्नसराईच्या आधी नवी घेनं हाय. तुम्ही म्हनत असाल तर देतो. परत येतील ना?"

"येतील," मी म्हटलं. "दुसरा प्रयोग झाला की त्याच दिवशी हातात."

"बस. तुमची जबान हाय, बात खतम."

दोन प्रयोग करायचे होते, एक नांदेडला आणि एक लातूरला. लातूर माझं माहेर. निर्मितीचा एकोणपन्नास हजारांचा खर्च दोन्ही प्रयोगांवर निम्मा-निम्मा, म्हणजे साडेचोवीस. नांदेडच्या प्रयोगाचा स्वतःचा खर्च वेगळा. नाट्यगृहाचं भाडं, लाइट-साउंड, रंगभूषा, जेवण, तिकीट-बॅनरची छपाई, असे चोवीस हजार. एकूण साडेअठ्ठेचाळीस. तिकीट दोनशेचं, आणि विकणारे आपणच, त्यामुळे कमिशन नाही. भागाकार केला तर उत्तर आलं दोनशे साडेबेचाळीस. अर्धा माणूस तिकीट काढत नाही, म्हणून दोनशे त्रेचाळीस. नाट्यगृहात खुर्च्या साडेपाचशेच्या घरात. "निम्म्यालाही हात लावायचा नाही, तरी आपण वर," असं मी तालमीत जाहीर केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आकड्यांवर टाळ्या मिळालेली मी मराठवाड्यातली पहिलीच बाई असेन.

मग पास सुरू झाले.

पहिले चार प्राचार्यांना दिले. ते सहकुटुंब येणार होते, आणि पुढच्या जूनची नेमणूक त्यांच्याच हातात होती. प्राचार्यांना दिले म्हणून उपप्राचार्यांना, उपप्राचार्यांना दिले म्हणून कार्यालयाच्या अधीक्षकांना, कारण बिलं तेच पुढे सरकवतात. स्टाफरूममध्ये बातमी फुटली आणि प्रत्येक जण हसत-हसत म्हणू लागला, "आमचं काय चुकलं, मॅडम?" सोसायटीतल्या बायका झाल्या, भिशीतल्या झाल्या, दातांचे डॉक्टर झाले. माझं पाहून बाकीचेही सैल सुटले. दिग्दर्शकाने त्याचं अख्खं ऑफिस बोलावलं. मास्टरांनी मात्र एक पास वाटला नाही. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला ते सरळ म्हणत, "शिलाई उधार देईन, नाटक न्हाई." ते ऐकून आम्ही हसायचो. मला वाटायचं, मोठे नट आहेत, पण माणसं सांभाळणं काही त्यांना जमत नाही.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह खच्चून भरलं. मागे लोक उभे होते. दारावर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावली, तिला हार घातला, नारळ फोडला, पाटीसमोर सातही जणांनी फोटो काढला. पहिल्या दोन रांगांत सोफे टाकले होते. पहिला अंक सुरू होण्याआधी प्राचार्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ते दहा मिनिटं बोलले, त्यात कलेला राजाश्रय कसा उरला नाही हे सांगितलं, आणि मध्यंतरात नारळ घेऊन सहकुटुंब उठून गेले. दुसऱ्या अंकात मास्टरांचं ते एकट्याचं मोठं स्वगत आहे. ते त्यांनी चार मोकळ्या सोफ्यांकडे बघत म्हटलं.

विकलेली तिकिटं निघाली एकशे पंचेचाळीस. एकोणतीस हजार. त्यातले चोवीस प्रयोगाच्या खर्चात त्याच दिवशी गेले. हाऊसफुल्लचे उरले पाच हजार.

वर्गात ज्या मुलाने नगांऐवजी बघ्यांची संख्या धरली असती, त्याला मी बाकावर उभं केलं असतं. मी स्वतः तेच केलं होतं. मला लोकांनी भरलेलं नाट्यगृह दिसत होतं आणि मी आतल्या आत त्याला दोनशेने गुणत होते. पास म्हणजे काही फुकट नसतो, तो मी दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून काढलेला असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो खिसा कुणाचा हे अजून ठरलं नव्हतं, म्हणून त्रास होत नव्हता.

मग लातूरचा कागद पुन्हा मांडला. एकोणपन्नासमधले पाच वजा जाऊन चव्वेचाळीस हजार आता एकट्या लातूरने काढायचे. शिवाय तिथला खर्च. नाट्यगृह थोडं स्वस्त होतं, रविवारी दुपारचा खेळ घेतला म्हणून आणखी स्वस्त, पण नेपथ्याचा टेम्पो आणि माणसांची गाडी जाऊन-येऊन धरायला लागली. चौतीस हजार. एकूण अठ्ठ्याहत्तर. तिकीट अडीचशे केलं. भागाकार केला, तीनशे बारा. या वेळी अर्धा माणूसही उरला नाही.

तेवढ्यात दिवाळी आली.

लातूरला माझा धाकटा भाऊ आहे. मार्केट यार्डाच्या बाजूला त्याचं खता-बियाण्याचं दुकान. दहावीनंतर शाळेशी त्याचं पटलं नाही, आणि नाटकाशी त्याचा संबंध एवढाच की बहीण त्यात काहीतरी करते. माझी भावजय जवळच्या शाळेत बालवाडीला शिकवते, रोज दोन रिक्षा बदलून जाते. त्या दिवाळीत घरात स्कुटीशिवाय दुसरा विषय नव्हता. शोकेसमध्ये स्कुटीचं माहितीपत्रक उभं करून ठेवलेलं, रंगही ठरलेला. आकाशी. सोयाबीन बाजारात आलं की दुकानाची थकलेली येणी वसूल होतात, तेव्हा घ्यायची, असं त्याने तिला सांगितलं होतं.

भाऊबीजेला तो पाटावर बसला. मी ओवाळलं. त्याने नेहमीसारखं खिशात हात घालून विचारलं, "बोल आक्का, काय टाकू ताटात?"

आणि मी हसत म्हटलं, "मला तीनशे बारा प्रेक्षक टाक."

"तीनशे बाराच कामून? तीनशे का न्हाई?"

मग मी त्याला सगळं समजावलं. शिकवायची खोड. तिकीट अडीचशे, खर्च अठ्ठ्याहत्तर हजार, तीनशे बारावं तिकीट गेलं की ब्रेक-इव्हन. त्याआधी प्रत्येक तिकिटाला तोटा कमी-कमी होत जातो आणि त्या आकड्यावर थांबतो.

"म्हंजे नुकसानीला बिरेक लागतं म्हन की," तो म्हणाला.

"तसंच समज. आणि नाही लागला तर आमचे मास्टर आहेत ना, त्यांची मशीन बुडाली. मी शब्द देऊन बसले."

त्याने ताटात एक सुपारी ठेवली आणि म्हणाला, "हे घे. तीनशे बारा पक्के समज." भावजय खो-खो हसली. मीही हसले. तिकिटांची पुस्तकं मी त्याच दिवशी त्याच्या हवाली केली, आणि वर बजावलं, "एकही पास द्यायचा नाही हं. अगदी हिलासुद्धा तिकीट काढायला लावायचं." नांदेडात गमावलेला कडकपणा मी लातुरात भावाच्या जिवावर दाखवत होते.

नंतरच्या दिवसांत मी फोन केला की तो म्हणे, "चाललंय. तू कामून काळजी करायलीस?" पोस्टरवर माझ्या नंबरचा क्यूआर कोड छापला होता. पैसे आले की माझा फोन वाजायला हवा होता. तो फारसा वाजला नाही. विचारलं तर म्हणाला, "इकडं लोक रोखच देतेत आक्का, तुमच्यावानी शिकलेले न्हाईत." लातूरच्या मार्केट यार्डातला चहावालासुद्धा क्यूआर कोडवर पैसे घेतो, हे मला माहीत होतं. पण मला पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं.

रविवारी आम्ही सकाळीच लातूरला पोचलो. टेम्पोतून नेपथ्य उतरलं, लाइटवाल्याची शिवीगाळ झाली, मास्टरांनी बॅनरवरचा फोटो मोजला. खेळ सुरू व्हायला अर्धा तास असताना भाऊ रंगमंचाच्या मागच्या दाराने आला. बियाण्यांच्या कंपनीची कापडी पिशवी माझ्या हातात दिली.

"तीनशे बारा," तो म्हणाला. "मोजून घे."

मी तिथेच कपड्यांच्या पेटीवर बसून मोजले. अठ्ठ्याहत्तर हजार. मास्टर आरशासमोर पांढरी मिशी चिकटवत होते. मी त्यांच्याकडे बघून अंगठा वर केला. आरशातच त्यांनी सलाम केला.

खरं सांगते, पहिल्यांदा जो आनंद झाला तो निव्वळ होता. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या गावाने मला तारलं, असं वाटलं. मग मी पडदा जरा सरकवून बाहेर बघितलं.

पुढचे काही लोक, मधे मोठं मैदान, मागच्या रांगांत कॉलेजची चार-दोन पोरं. शंभरावर माणसं असतील, फार झाली तर सव्वाशे. भाऊ दारात उभा राहून येणाऱ्याचं तिकीट फाडत होता आणि येणारं कुणी नव्हतं.

"लोक कुठेत?" मी त्याला खुणेनेच विचारलं. तो जवळ आला आणि कानात म्हणाला, "आगं, लोक वर्गणीवानी घेतेत तिकीट. पैशे देतेत, येत न्हाईत. गणपतीला वर्गणी देनारे समदे आरतीला येतेत का?"

हे खोटं नव्हतं. आमच्याकडे तसं चालतंच. आणि मी ते धरून बसले. पण अकाउंट्स शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात एक गोष्ट तोवर शिरली होती आणि निघत नव्हती. तिकिटं तीनशे चार खपतात, तीनशे एकतीस खपतात. ब्रेक-इव्हनच्या आकड्यावर, एकही कमी नाही, एकही जास्त नाही, अशी तिकिटं जगात कुठे खपत नाहीत. तो आकडा फक्त कागदावर येतो. किंवा कुणी तो मुद्दाम आणला तर.

मी पिशवीची दोरी ओढली आणि विचारही तिथेच आवळून टाकला.

खेळ चांगला झाला. मास्टरांनी ते स्वगत असं काही म्हटलं की त्या शंभर-सव्वाशे लोकांनी नाट्यगृह दुमदुमवलं. नेपथ्य उतरत असतानाच मी हिशेब केला. चौतीस हजार खर्चाचे बाजूला काढले. उरले चव्वेचाळीस, त्यात नांदेडचे पाच. सात पाकिटं, प्रत्येकात सात हजार. मास्टरांनी मिशी उपटत-उपटत पाकीट घेतलं.

"मानलं मॅडम. लातूरवाले कदरदान हायेत," ते म्हणाले. "कम आए, मगर पैसा पूरा आया. नांदेडवाले पूरे आए और..." आणि पुढचं वाक्य न बोलता ते हसले. मी त्यांच्याबरोबर हसले. त्या क्षणी मला सांगता आलं असतं. त्यांनी ते पैसे घेतले नसते, हेही मला ठाऊक होतं. म्हणूनच मी सांगितलं नाही.

टेम्पो भरेपर्यंत चहाला ये म्हणून भाऊ मागेच लागला. घराच्या फाटकाशी मी सहज विचारलं, "स्कुटी कुठे लावलीय? दाखव तरी."

भावजय आमच्याबरोबरच आली होती, रिक्षातून. ती चपला काढत म्हणाली, "स्कुटी ना, वन्सं? आता उन्हाळ्यात बघू म्हनले हे. म्हनले, आक्काचं बिरेक लागू दे आधी." तिच्या बोलण्यात कुसकेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. शोकेसमधलं ते माहितीपत्रक तसंच होतं, फक्त आता त्याच्यापुढे तिच्या बालवाडीतल्या पोरांनी केलेलं कागदाचं फूल ठेवलं होतं.

मी खुर्चीवर बसले. लाज वाटते म्हणजे नक्की कुठे वाटते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला ती तळहातांना वाटली. त्या हातांनी मी पैसे मोजले होते, पाकिटं केली होती.

आणि डोकं तरीही हिशेब करत होतं, ते काही लाजत नव्हतं. नांदेडने आपला वाटा नीट उचलला असता तर लातूरला लागले असते साडेअठ्ठावन्न हजार. म्हणजे दोनशे चौतीस तिकिटं. वरची अठ्ठ्याहत्तर लातूरची नव्हतीच. ती माझी होती. ते सोफे, ती शाल, तो नारळ, स्टाफरूम, भिशी, दातांचे डॉक्टर. भीड ही भिकेची बहीण असं म्हणतात. त्या दिवशी ती माझ्या भावाचीही बहीण निघाली.

मी पर्समधून माझं सात हजारांचं पाकीट काढलं आणि भावजयीच्या हातात कोंबलं. "स्कुटीच्या बुकिंगला," मी म्हटलं. तिने पाकीट घेतलं नाही, नवऱ्याकडे बघितलं.

"हे काय आक्का?" भाऊ म्हणाला.

"किती तिकिटं तू स्वतः घेतलीस?"

"घेतली आसतील धा-पाच."

"खरं सांग."

त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "ओवाळनी परत घेतेत का कुठं? तू ताटात मागितलं, मी टाकलं. विषय संपला." मग माझा चेहरा बघून त्याला वाटलं असावं की थोडी गंमत करावी. "फकस्त पुढल्या भाऊबीजेला आकडा जरा बारका सांग. साडी-बिडी माग."

भावजय हसली. मला हसू आलं नाही. निदान एवढं तरी खरं बोलावं असं वाटलं, आणि मी बोलून टाकलं.

"अरे, तीनशे बारा आकडाच खोटा होता. त्यातली अठ्ठ्याहत्तर तिकिटं नांदेडची होती. मी तिकडे पास वाटले. आमच्या प्राचार्यांना, स्टाफला, सगळ्यांना. ते नुकसान तुझ्या आकड्यात घालून तुला सांगितलं. तू इथे बसून त्यांची तिकिटं काढलीस."

मला वाटलं, आता तरी हा चिडेल. चिडावं अशी माझी फार इच्छा होती. तो विचारात पडला. बशी खाली ठेवली.

"म्हंजे तुझ्या मोठ्या सायबाला मी नाटक दाखिवलं म्हन की," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू खरोखरचा अभिमान आला. दहावीनंतर शाळा सोडलेला माझा भाऊ भावजयीकडे बघून म्हणाला, "ऐकलं का? प्राचार्य हायेत ते." मग माझ्याकडे वळला. "आन मग? आवडलं का त्यान्ला?"

"हाव," मी म्हटलं. "शेवटपर्यंत बसले होते."